टीएमटी नॉर्मल होती, मग सलीमभाईंना अटॅक कसा आला?

मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या सलीमभाईंना (नाव बदललं आहे) हार्ट अटॅक आला. वय ४६. हार्डवेअरचं दुकान, सहा वर्षांपासून शुगर, आणि दिवसाला सात-आठ सिगारेटी. अटॅकच्या चार महिने आधीच विम्याच्या कागदपत्रांसाठी त्यांनी टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करतात ती टेस्ट केली होती. रिपोर्ट नॉर्मल होता. भाभींनी तो रिपोर्ट कपाटात जपून ठेवला होता. दवाखान्यात त्या तोच कागद हातात घेऊन आम्हाला विचारत होत्या, "सर, हे बघा ना, यात तर सगळं ठीक लिहिलंय. मग हे कसं झालं?"

आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. पण त्या सवालाचा जवाब आमच्याकडे नव्हता, ही गोष्ट मनाला लागली. शाळेत आम्ही स्वतः वर्षानुवर्षे मुलांना शिकवलंय की, नळाच्या पाइपात गाळ साचत जातो तशी रक्तवाहिनीत चरबी साचत जाते, आणि एक दिवस पाइप बंद होतो. हे जर खरं असतं, तर चार महिन्यांपूर्वी सलीमभाईंचा पाइप जवळजवळ बंदच असायला हवा होता आणि टेस्टमध्ये ते दिसायला हवं होतं. मग आम्ही वाचलं, आणि सलीमभाईंचे रिपोर्ट ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांसमोर ठेवून समजून घेतले. तेव्हा कळलं की पाइपाचं उदाहरणच चुकीचं आहे.

चरबी पाइपात नाही, पाइपाच्या भिंतीत

हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या मुख्य वाहिन्या साधारण ३ ते ४ मिलिमीटर रुंदीच्या असतात. त्यांची भिंत जिवंत असते, आणि तिला थर असतात. सगळ्यात आतला थर पेशींच्या एकाच पातळ अस्तराचा. हे अस्तर शाबूत असेपर्यंत रक्त त्याच्यावरून घसरत जातं, कुठे चिकटत नाही.

सिगारेट, शुगर, वाढलेलं बीपी यांनी हे अस्तर बिघडतं, आणि रक्तातलं एलडीएल नावाचं कोलेस्टेरॉल त्याच्या खाली शिरून भिंतीत अडकतं. शरीराला ते परकं वाटतं. ते साफ करायला पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात आणि चरबी खात सुटतात. खाऊन खाऊन त्या फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांच्या आतली चरबी बाहेर सांडते. वर्षानुवर्षे हे चाललं की भिंतीच्या आत लगद्यासारख्या चरबीचा एक साठा तयार होतो. या साठ्यावर शरीर कोलॅजनच्या तंतूंचं एक झाकण विणतं. साठा आणि झाकण मिळून जे होतं त्याला प्लाक म्हणतात.

म्हणून पाइपातल्या गाळापेक्षा गळूचं उदाहरण जास्त बरोबर आहे. गळूत पू कातडीच्या खाली असतो आणि वर कातडीचा पापुद्रा ताणलेला असतो. कोलेस्टेरॉलचा प्लाकही तसाच, फक्त तो फुटला तर आतला ऐवज वाहत्या रक्तात येतो.

आता भाभींच्या सवालाकडे येऊ. प्लाक वाढताना सुरुवातीला तो आतल्या बाजूला येत नाही. वाहिनीची भिंत बाहेरच्या बाजूला फुगते आणि रक्ताची वाट मोकळी ठेवते. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट सेमूर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ मध्ये मृतांची हृदयं तपासून हे दाखवलं. प्लाकने वाहिनीतली साधारण ४० टक्के जागा घेईपर्यंत रक्ताची वाट फारशी अरुंद होत नाही. टीएमटीचं काम वेगळं आहे. चालताना हृदयाला रक्त कमी पडतं का, एवढंच ती बघते. विश्रांतीत आणि मेहनतीत पुरेसं रक्त जाऊ शकतं तोवर ती नॉर्मल येते. साधारणपणे वाट ७० टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद झाली की मेहनतीत त्रास दिसू लागतो. सलीमभाईंच्या वाहिनीत प्लाक होता, पण त्याने वाट तेवढी अडवली नव्हती. रिपोर्ट खोटा नव्हता. त्याने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तो भाभींचा प्रश्न नव्हता.

झाकण का फाटतं

सगळे प्लाक सारखे नसतात. काहींत चरबी कमी आणि कोलॅजनचं झाकण जाड असतं. असे प्लाक वाट अरुंद करतात, जिना चढताना छातीत दुखवतात, पण सहसा फुटत नाहीत. दुसरे मऊ असतात. आत चरबीचा मोठा साठा आणि वर पातळ झाकण. ज्यांचा मृत्यू प्लाक फुटून झाला त्यांच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर असं आढळलं की फुटलेल्या जागी झाकण बहुतेक वेळा ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ होतं. म्हणजे एका मिलिमीटरच्या पंधराव्या भागाहून कमी, जवळपास आपल्या डोक्याच्या केसाएवढं.

झाकण पातळ होतं ते आतूनच. चरबी खाऊन फुगलेल्या त्याच पांढऱ्या पेशी काही पाचक रसायनं सोडतात, आणि ती कोलॅजन विरघळवतात. दुसरीकडे, कोलॅजन विणणाऱ्या पेशी कमी होत जातात. म्हणजे एका बाजूने उसवणं चालू आणि दुसऱ्या बाजूने शिवणं बंद. झाकण बहुधा कडेला, जिथे ते चांगल्या भिंतीला जोडलेलं असतं, तिथे फाटतं. ताण तिथे जास्त असतो आणि पेशींचा हल्लाही तिथेच जास्त असतो.

सलीमभाई फजरची नमाज पढून घरी आले, आणि ६ वाजून १० मिनिटांनी त्यांच्या छातीवर दडपण आलं. सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळात अटॅक जास्त येतात हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जाग आल्यावर बीपी आणि नाडी वाढते, रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात. पण यात पहाटे उठण्याचा दोष नाही. केसाएवढं झाकण आधीच तयार होतं. त्या दिवशी फाटलं नसतं तर दुकानात जड पेटी उचलताना किंवा कुणाशी भांडताना फाटलं असतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. प्रत्येक अटॅकमध्ये झाकण फाटतंच असं नाही. काही रुग्णांत झाकण शाबूत असतं, फक्त वरचं अस्तर खरवडल्यासारखं निघून जातं आणि त्यावर गुठळी बसते. हा प्रकार कमी वयाच्या स्त्रियांमध्ये आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तुलनेने जास्त दिसतो. आणि उलट, झाकण फाटलं म्हणजे अटॅक येतोच असंही नाही. कित्येक वेळा छोटी चीर पडते, छोटी गुठळी बसते, माणसाला कळतही नाही आणि जखम भरून येते. फक्त प्लाक आधीपेक्षा मोठा होतो.

गुठळी कशी बांधली जाते

बोट कापलं की दोन-चार मिनिटांत रक्त थांबतं. ती अल्लाहची मोठी नेमत आहे. ज्यांच्या रक्तात ही ताकद नाही त्यांना किरकोळ जखमही महागात पडते. हृदयाच्या वाहिनीत नेमकी हीच यंत्रणा चालू होते. शरीराला बाहेरची जखम आणि आतली जखम यातला फरक कळत नाही.

झाकण फाटलं की रक्ताला दोन अशा वस्तू दिसतात ज्या त्याला कधी दिसायला नकोत. एक, भिंतीतलं कोलॅजन. दुसरी, चरबीच्या साठ्यात भरलेलं टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन.

कोलॅजनला प्लेटलेट्स चिकटतात. या रक्तातल्या अगदी छोट्या चकत्या, सुईच्या टोकावर मावणाऱ्या रक्ताच्या एका बारीक थेंबातही लाखांनी असतात. चिकटलेली प्लेटलेट आपला आकार बदलते, तिला काटे फुटतात, आणि ती दोन संदेश बाहेर सोडते. एकाचं नाव एडीपी, दुसऱ्याचं थ्रोम्बॉक्सेन. हे संदेश मिळाले की जवळून वाहणाऱ्या दुसऱ्या प्लेटलेट्सही चिकट होतात आणि एकमेकींना धरतात. काही मिनिटांत त्यांचा ढीग होतो. पण हा ढीग कच्चा असतो, रक्ताच्या जोराने निघूनही जाऊ शकतो.

त्याला पक्कं करण्याचं काम टिश्यू फॅक्टर सुरू करतं. त्याच्यामुळे एकामागून एक प्रथिनं जागी होतात आणि शेवटी थ्रोम्बिन तयार होतं. थ्रोम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनचे धागे बनवतं. हे धागे प्लेटलेट्सच्या ढिगावर जाळ्यासारखे पसरतात, त्यात लाल पेशी अडकतात. विटा आणि सिमेंट म्हणा हवं तर. प्लेटलेट्स विटा, फायब्रिन सिमेंट.

ही गुठळी अर्धवट वाट अडवते की पूर्ण, यावर पुढचं सगळं ठरतं. अर्धवट अडली तर थोडं रक्त जात राहतं आणि ईसीजीत बदल कमी किंवा वेगळे दिसतात. पूर्ण अडली तर त्या वाहिनीच्या पुढचा सगळा स्नायू उपाशी पडतो आणि ईसीजीत एसटी नावाची रेघ वर उचललेली दिसते.

गुठळी आधी की अटॅक आधी, यावर डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं वाद होता. काहींचं म्हणणं असं की स्नायू आधी मरतो आणि गुठळी मागाहून होते. १९८० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात डॉ. मार्कस डीवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू अटॅकमध्येच अँजिओग्राफी केली. तेव्हा असं करणं धाडसाचं मानलं जायचं. पहिल्या ४ तासांत आलेल्या १०० पैकी ८७ रुग्णांची वाहिनी पूर्ण बंद सापडली. १२ ते २४ तासांनी तपासलेल्यांमध्ये मात्र १०० पैकी ६५. म्हणजे गुठळी सुरुवातीलाच असते, नंतर काहींमध्ये ती आपोआप थोडी विरघळते. त्यानंतर गुठळीवर इलाज करण्याचा रस्ता मोकळा झाला.

स्नायू किती वेळ तग धरतो

रक्त बंद झाल्यावर स्नायू लगेच मरत नाही. काही सेकंदांतच त्याचं आकुंचन मंदावतं, पण तो जिवंत असतो. सुमारे २० मिनिटांनंतर मरण सुरू होतं. ते सगळीकडे एकदम होत नाही. हृदयाच्या आतल्या बाजूचा स्नायू आधी मरतो आणि मरणाची ही लाट हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे तास मोजून दाखवलं आहे. ६ तासांपर्यंत बराचसा भाग गेलेला असतो. माणसात वेळ कमी-जास्त होतो, कारण कुणाला शेजारच्या वाहिन्यांतून थोडं रक्त मिळत राहतं. मेलेला हृदयाचा स्नायू परत उगवत नाही. तिथे व्रण राहतो, आणि व्रण आकुंचन पावत नाही.

आणखी एक धोका पहिल्या तासातच असतो. उपाशी स्नायूत विजेचे संदेश बिघडतात, ठोके वेडेवाकडे पडतात, आणि हृदय थरथरत राहतं. माणूस जागेवर कोसळतो. अशा वेळी विजेचा झटका देणारं यंत्र जवळ असेल तरच वाचण्याची चांगली आशा असते. अटॅकचा संशय येताच अशी सोय असलेल्या जागी पोहोचा म्हणतात, त्याचं हे एक कारण.

आता सलीमभाईंची ती सकाळ घड्याळ लावून बघू. ६:१० ला दडपण. घरच्यांना वाटलं, रात्रीच्या नहारीने ॲसिडिटी झाली. सोडा दिला, ओवा दिला, पाठ चोळली. ६:४० ला घाम सुटला, बनियन भिजली. ७:२० ला दुखणं डाव्या जबड्यापर्यंत आलं. तरी ते म्हणत होते, "थोडा आराम करतो, बरं वाटेल." शेवटी अम्मींनी रागे भरून पुतण्याला गाडी काढायला लावली. ८:०० वाजता जवळच्या दवाखान्यात ईसीजी निघाला. हृदयाच्या पुढच्या भिंतीच्या रेघा वर उचललेल्या होत्या. डॉक्टरांनी तिथेच ॲस्पिरिनची ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायला लावली, सोबत क्लोपिडोग्रेल दिली आणि १०८ बोलावली. ८:४० ला मोठं हॉस्पिटल. ९:२५ ला फुग्याने वाहिनी उघडली.

हिशेब करा. एकूण १९५ मिनिटं. त्यातली ११० घरात गेली, ८५ डॉक्टरांच्या आणि ॲम्ब्युलन्सच्या हातात. हॉस्पिटलचं काम वेगाने झालं. जास्त वेळ सोडा आणि ओव्याने खाल्ला.

गुठळी बाजूला झाल्यावर डॉक्टरांना पडद्यावर दिसलं की तिच्या खालच्या प्लाकने वाट निम्म्याहून कमीच अडवली होती. भाभींच्या सवालाचा जवाब त्या पडद्यावर होता.

रक्तातल्या ट्रोपोनिनचा पहिला रिपोर्ट मात्र जेमतेम वाढलेला आला. हेही समजून घ्या. ट्रोपोनिन मरणाऱ्या स्नायूतून बाहेर पडतं आणि रक्तात दिसायला काही तास लागतात. म्हणून सुरुवातीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाही असं होत नाही. ईसीजीचंही तसंच. पहिला साफ असला आणि दुखणं चालू असलं तर थोड्या थोड्या वेळाने परत काढावा लागतो. "ईसीजी नॉर्मल आहे, घरी जा" असं ऐकलं आणि छाती अजून भरून येत असेल, तर घरी जाऊ नका.

कोणतं औषध कुठे काम करतं

गुठळी कशी होते हे कळलं की औषधांचा अर्थ लागतो. ॲस्पिरिन थ्रोम्बॉक्सेनचा संदेश बंद करते, क्लोपिडोग्रेल एडीपीचा. म्हणजे नव्या विटा येणं थांबतं. चावून खाल्ल्याने ॲस्पिरिन लवकर रक्तात पोहोचते. १९८८ मध्ये छापून आलेल्या आयसिस-२ या अभ्यासात १७ हजारांहून जास्त रुग्ण होते. एकट्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले, आणि सिमेंट तोडणारं स्ट्रेप्टोकायनेज सोबत दिल्यावर सुमारे ४२ टक्क्यांनी. ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे, पोटातून किंवा मेंदूत रक्तस्राव झाला आहे, त्यांनी मात्र स्वतःहून घेऊ नये.

सिमेंट, म्हणजे फायब्रिन तोडणारी इंजेक्शनं लहान शहरांत फार कामाची. ज्या गावातून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणं शक्य नाही, तिथे आधी इंजेक्शन देऊन मग मोठ्या हॉस्पिटलला पाठवतात. हे फक्त वर उचललेल्या एसटीच्या अटॅकमध्ये, आणि जितकं लवकर तितकं जास्त कामाचं. १२ तासांनंतर त्याचा फायदा फारसा उरत नाही.

बऱ्याच घरांत जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते. ती वाहिन्या सैल करते, दुखणं कमी करू शकते, पण गुठळी तोडत नाही. बीपी आधीच कमी असेल तर ती आणखी पाडते आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून दुसऱ्याची गोळी उचलून देऊ नका, आणि गोळीने बरं वाटलं म्हणून थांबू नका.

शेवटी, स्टेंट बसवल्यानंतरची गोष्ट. स्टेंट ही धातूची जाळी, रक्तासाठी परकी. त्यावर अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट्स तिला चिकटायला टपलेल्या असतात. म्हणून दोन गोळ्या साधारण वर्षभर एकत्र चालतात. त्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा भारी पडू शकतो. दात काढायचा असो की रमजान येत असो, गोळी स्वतः बंद करायची नाही. रोजा ठेवता येईल का, आणि आला तर गोळ्या सहरी-इफ्तारला कशा बसवायच्या, हे महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळीही अशीच. ती चरबीचा साठा थोडा आवळते आणि झाकण जाड करते, पण त्याला महिने लागतात. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून ती सोडणं म्हणजे शिवण अर्धवट टाकणं.

सलीमभाई आता दुकानात बसतात. हृदयाच्या पंपाची ताकद ४० टक्के आहे, निरोगी माणसात ती साधारण ५५ ते ७० असते. जड पेटी उचलायला त्यांनी मुलगा ठेवलाय. सिगारेट सुटली. भाभींनी तो टीएमटीचा रिपोर्ट फाडला नाही, पण त्याच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत १०८ लिहून तो दाराजवळ लावलाय. आणि आम्ही यंदा आठवीच्या वर्गात पाइपाचं चित्र काढलं नाही, गळूचं काढलं. मुलं हसली. मग एका मुलीने विचारलं, "सर, माझ्या अब्बूंना कधी कधी सकाळी जबडा दुखतो, आणि घाम येतो." आम्ही तास तिथेच थांबवला आणि तिच्या घरी फोन केला.